४ मीटरची भिंत: रुंदीआधी पाण्याचं बघा

प्रश्न: घाटरस्त्याच्या कडेला ४ मीटर उंच रिटेनिंग वॉल हवी आहे. जाळीच्या पेट्यांत दगड भरून रचलेली गॅबियन बरी की दगडी? पाया किती रुंद धरू?

आधी भिंतीमागे काय भरणार ते ठरवा, रुंदी त्यानंतर.

मी डिझाइन केलेली एवढ्याच उंचीची दगडी भिंत पहिल्याच पावसाळ्यात पायापासून पुढे सरकली. रस्त्यावर कडेला समांतर लांब भेग पडली. बैठकीत निकाल लागला तो असा: २.२ मीटर पाया अरुंद पडला, ३ मीटर हवा होता. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

गणित मांडतो, सगळं भिंतीच्या एक मीटर लांबीसाठी. माथा ०.६ मीटर, पाया २.२ मीटर, पाठ उभी आणि दर्शनी बाजू उतरती. दगडी बांधकाम घनमीटरला २.३ टन धरलं, तर वजन सुमारे १२.९ टन. मागे घर्षणकोन ३० अंशांचा, निचरा होणारा भराव असेल तर मातीचा रेटा ४.८ टन, आणि तो पायापासून एक तृतीयांश उंचीवर लागतो. पायाच्या पुढच्या कडेभोवती उलटवणारा मोमेंट ६.४, तर तोलून धरणारा १८.३ टन-मीटर. म्हणजे उलटण्याविरुद्ध सुरक्षा गुणांक जवळजवळ २.९. पाया आणि मुरमाड कातळ यांच्यातलं घर्षण ०.६ धरलं तर घसरण्याविरुद्ध १.६. इथे नेहमी १.५ मागतात, म्हणजे भिंत पास.

आता तोच भराव माथ्यापर्यंत पाण्याने भरला असं समजा. बुडालेल्या मातीचा रेटा कमी होऊन २.७ टन उरतो, पण पाण्याचा स्वतःचा ८ टन येतो. एकूण १०.७. घसरण्याचा गुणांक ०.७ वर येतो आणि भिंत सरकते. पायाखालून वर ढकलणारा दाब यात धरलेलाच नाही. आता बैठकीतला ३ मीटर पाया घ्या: वजन १६.६ टन, घर्षण ९.९ टन, रेटा तोच १०.७. तीही सरकली असती.

आमच्या भिंतीत पाणी तुंबलं होतं हे उघड दिसत होतं. धो धो पावसात सगळे वीप होल, म्हणजे भिंतीतून पाणी बाहेर काढणारी भोकं, कोरडे ठणठणीत होते, आणि पाणी पायाच्या सांध्यातून झिरपत होतं. भर पावसात वीप होलमधून थेंबही येत नसेल तर आत पाणी नाही असं समजू नका, वाट बुजली आहे असं समजा. मागे उकरलं तेव्हा डोंगर कापताना निघालेली चिकण माती भरलेली सापडली. नकाशात पूर्ण उंचीचा खडीचा थर दाखवला होता. प्रत्यक्षात प्रत्येक पाइपच्या तोंडाशी ओंजळभर खडी.

हा थर पाठीशी सलग हवा, निदान ३० सेंटीमीटर जाड, आणि खडी व भराव यांच्यामध्ये पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, जिओटेक्स्टाइल, नाहीतर बारीक माती वाहून येते आणि तो बुजतो. वीप होल ७५ ते १०० मिलिमीटर व्यासाचे, बाहेर उतार दिलेले, साधारण दीड मीटरवर, एका आड एक. सर्वांत खालची रांग पुढच्या जमिनीच्या जरा वर, आणि तिच्याखाली मागच्या बाजूला पाणी न मुरणारा थर, म्हणजे पाणी पायात उतरणार नाही. डोंगराकडची गटार पक्की बांधा. तिथलं पाणी रस्त्याखालून भरावात शिरलं की वीप होलवरचा भार विनाकारण वाढतो.

गॅबियनमध्ये पाणी तुंबत नाही, आणि जमीन थोडी खचली तरी ती वाकून बसते, दगडी भिंत तिथे तडकते. पाया एकसारखा भक्कम नसेल तर मी गॅबियनच घेईन. कातळ वर असेल आणि देखरेख खरोखर होणार असेल तर दगडी. पण दगडांमध्ये ३० ते ४० टक्के पोकळी असल्याने गॅबियन घनमीटरला १.७ टनांच्या आसपासच भरते, म्हणून रुंदीत कंजुषी चालत नाही. आणि ‘गॅबियनला ड्रेनेज लागत नाही’ हे साफ चूक. पाठीमागे जिओटेक्स्टाइल हवंच. आरपार आलेलं पाणी तळाशी मुरून चिकण पाया मऊ करतं, म्हणून तळाला बाहेर काढणारी वाटही हवी.

वरचे आकडे भरावाचा माथा सपाट धरून आहेत. भिंतीवर रस्ता असेल तर वाहनांचा भार, शिवाय भूकंपाचा रेटा, पायाखालच्या जमिनीवरचा दाब हे वेगळं तपासावं लागेल. त्यामुळे २.२ हा आकडा उचलू नका. पायासाठी उंचीच्या ०.५ ते ०.७ पटीपासून सुरुवात करा. अख्खा उतारच भिंतीच्या खालून सरकणारा असेल तर यातली कुठलीही भिंत उपयोगाची नाही, तेव्हा ती तपासणी आधी करून घ्या.