कायद्याने सुट्ट्या किती आणि एचआरला सांगायचं कसं?

प्रश्न: पुण्यात एका प्रायव्हेट ऑफिसात आहे, ३५ जण आहोत. वर्षाला सगळ्या मिळून १२ सुट्ट्या देतात, जास्त मागितल्या की "पॉलिसीत नाही" म्हणतात. कायद्याने किती मिळायला हव्यात आणि भांडण न होता एचआरला कसं सांगू?

मी सात वर्षं एका ऑफिसात पगार आणि मस्टरचं काम केलंय, आमच्याकडे पण हेच १२ चं गणित होतं, त्यामुळे नीट सांगते.

तुम्हाला लागू होतो तो महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा, त्यातलं कलम १८ बघा. (हे ऑफिस-दुकानांसाठी, कारखान्याचं वेगळं असतं. पूर्वी १० माणसांपासून लागू व्हायचा, २०२५ मध्ये ती मर्यादा २० केली, तुम्ही ३५ आहात म्हणजे प्रश्न नाही.) त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि गोंधळ तिथेच होतो. एक, वर्षाला ८ सीएल म्हणजे किरकोळ रजा, दर तीन महिन्यांनी खात्यात जमा होतात, म्हणजे तिमाहीला २, आणि डिसेंबरअखेर उरल्या तर बुडतात. दुसरं, ८ पगारी सणाच्या सुट्ट्या, त्यातल्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ठरलेल्या आणि बाकी चार वर्ष सुरू व्हायच्या आधी आपसात ठरवायच्या. आणि तिसरं म्हणजे पीएल, म्हणजे कामाच्या दिवसांवर मिळणारी पगारी रजा, एका वर्षात २४० दिवस काम भरलं की त्या वर्षी केलेल्या दर २० दिवसांमागे पुढच्या वर्षी १ दिवस. साप्ताहिक सुट्टी पगारी असते ती यात धरायची नाही.

आता आमच्याकडच्या डिस्पॅचच्या मुलाचं सांगते, सहा दिवसांचा आठवडा, मस्टरवर वर्षाचे २८० दिवस भरले होते, म्हणजे १४ पीएल, वर ८ सीएल, झाल्या २२, आणि त्याला मिळत होत्या १२. दहा दिवसांचा फरक! पण हे २८० त्याने मस्टरवरून काढले, सॅलरी स्लिपवरून नाही, कारण स्लिपवरच्या "पेड डेज"मध्ये रविवारसुद्धा धरलेले असतात आणि तो आकडा घेऊन गेलात तर एचआर पहिल्याच मिनिटाला तुमची चूक दाखवेल आणि मग बाकीचं कुणी ऐकत नाही. पाच दिवसांचा आठवडा असेल तर २४० ला नेमकं अडतं, आधी मोजून बघा.

अजून एक बघून घ्या, मॅनेजर किंवा सुपरवायझर दर्जाच्या लोकांना हा कायदा लागत नाही, तुमचं काम खरंच त्या प्रकारचं असेल तर दुसऱ्याच रस्त्याने जावं लागेल.

आता बोलायचं कसं. पहिल्याच मेलमध्ये "कायद्यानुसार आमचा हक्क" असं लिहू नका, समोरची बाई पण नोकरदारच असते, पॉलिसी तिने बनवलेली नसते, आणि तिला वरती दाखवायला काहीतरी लागतं, ते आपण द्यायचं. त्या मुलाच्या मेलचा मसुदा आम्ही दोघांनी बसून केला होता, साधारण असा:

"मॅडम, माझ्या रजेचा हिशोब समजून घ्यायचा होता. मस्टरप्रमाणे गेल्या वर्षी माझे २८० दिवस भरलेत. दुकाने व आस्थापना कायद्याच्या कलम १८ प्रमाणे पीएल १४ आणि सीएल ८ होतात असं मला वाटतं, पॉलिसीत एकूण १२ आहेत. माझं वाचण्यात काही चुकत असेल तर कृपया सांगा, नाहीतर बॅलन्स अपडेट होईल का? सोबत पुढच्या महिन्याच्या ४ दिवसांच्या रजेचा अर्ज जोडलाय."

कायद्याचं नाव एकदाच, तेही मधे, आणि शेवटी प्रश्न. सीसीमध्ये साहेबांना टाकू नका, लेबर ऑफिसचं नाव तर अजिबात काढू नका, नाहीतर सीसी बघितल्यावर त्यांना वाटतं हा तक्रार करायला निघालाय. मॅडमनी तो मेल जसाच्या तसा सीएकडे पाठवला, पीएल पंधरवड्यात दुरुस्त झाल्या, सीएलला मात्र पुढचा जानेवारी उजाडला.

अर्ज १५ दिवस आधी आणि लेखी द्या, तोंडी नको. पीएल ४५ पर्यंत साठवता येतात, आणि वेळेत मागूनही नाकारली तर ४५ च्या वरच्यांचे पैसे मागता येतात. रजा मागितली, नाकारली आणि नंतर तुम्ही राजीनामा दिलात तरी शिल्लक पीएलचा पूर्ण पगार द्यावा लागतो, त्यामुळे नकाराचा मेल डिलीट करू नका, स्वतःच्या जीमेलवर पण एक कॉपी ठेवा.