झोपतानाच्या गोष्टीत चिऊ-काऊचे आवाज आणि पाऊस कसा रेकॉर्ड करावा?

प्रश्न: चिऊ-काऊच्या गोष्टीचा झोपतानाचा व्हिडिओ करतेय. काऊचा आवाज अ‍ॅपमध्ये जाड केला तर राक्षसी वाटतो, आणि पावसात माझे शब्दच ऐकू येत नाहीत. काय करू?

पिच बदलणं सोडून द्या. पिच खाली ओढला की आवाजाचा सगळा पोतच जाड होतो, म्हणून तो राक्षसी वाटतो. काऊसाठी तोंड जरा जास्त उघडा, छातीतून बोला आणि शब्द ओढा: "चिऊताई, चिऊताई, दाऽर उघड." चिऊ घाईत आहे, तिची वाक्यं आखूड ठेवा आणि गालात हसत बोला. एवढ्या फरकानं मूल दोघांना ओळखतं.

खरी गंमत पालुपदात आहे. "थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते", मग तीट, मग पावडर. रंगमंचावर हे दर वेळी चढत जातं, झोपेच्या गोष्टीत ते उतरत गेलं पाहिजे. पहिल्यांदा नेहमीच्या आवाजात, दुसऱ्यांदा हळू, तिसऱ्यांदा जवळजवळ कुजबुजत, आणि प्रत्येक वेळी मधला थांबा थोडा वाढवा. निवेदनाचा वेग मी मिनिटाला शंभर शब्दांच्या आसपास ठेवतो.

फोन तोंडापासून वीतभर लांब, पण समोर नको, थोडा बाजूला ठेवा. समोर असेल तर "भिजला"मधला भ आणि "फार"मधला फ थेट माइकवर फुंकर मारतात आणि धप्प असा आवाज येतो. तो नंतर नीट निघत नाही.

दाराची टकटक खऱ्या दारावर नको. तिची सुरुवात इतकी टोकदार असते की पेंगुळलेलं मूल दचकतं. पाटावर घडी केलेला टॉवेल टाकून बोटाच्या पेरानं वाजवा.

पाऊस खिडकीतून रेकॉर्ड केला तरी चालेल, पण फोनच्या छोट्या स्पीकरवर तो खरखरीसारखा ऐकू येतो. म्हणून संगणकावरच्या ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्राममध्ये Low-Pass Filter लावून 5000 Hz च्या वरचं कमी करा. मग पावसाचा ट्रॅक वर आणि निवेदनाचा त्याच्या लगेच खाली ठेवा, फक्त पाऊस सिलेक्ट करा आणि Auto Duck चालवा. तुम्ही बोलता तेव्हा पाऊस आपोआप दबतो. मात्र Maximum pause मुळात 1 सेकंद असतो, आणि तुमचे थांबे त्याहून मोठे असणार. त्यामुळे प्रत्येक थांब्यात पाऊस उसळी मारून वर येईल. तिथे 4 लिहा.

काही घरांत काऊ तापल्या तव्यावर बसतो आणि त्याला चटका बसतो. तो शेवट ठेवलात तरी "चर्र" टाकू नका, शब्दांत सांगा. आणि शेवटच्या वाक्याबरोबर पाऊस बंद करू नका, कारण अचानक आलेली शांतताही मुलाला जागं करते. आणखी अर्धा मिनिट तो चालू द्या, मग वीस सेकंदांत हळूहळू विरू द्या.