लिम्फोसाइट्स कमी, मोनोसाइट्स जास्त: आधी त्या पुडीतल्या गोळ्या कोणत्या ते शोधा

"बाबांचं वय 63. दीड महिन्यापासून अंगात कसर राहते, खोकला आहे, वजन उतरलं. गावातल्या डॉक्टरांच्या सुई-गोळ्यांनी दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. रक्त तपासलं: पांढऱ्या पेशी 9,800, न्यूट्रोफिल्स 77%, लिम्फोसाइट्स 8%, मोनोसाइट्स 14%, इओसिनोफिल्स 1%, हिमोग्लोबिन 9.8. नेटवर पाहिलं तर रक्ताचा कॅन्सर दाखवते. खरंच तसं असेल का? आम्ही घाटंजीकडचे."

मी यवतमाळ जिल्ह्यातच फिजिशियन म्हणून काम करते. असे रिपोर्ट घेऊन घाबरलेली मुलं माझ्याकडे नेहमी येतात. तुम्ही लिहिलंय त्यावरून माझा पहिला संशय टीबीवर आहे, कॅन्सरवर नाही. कारण सांगते.

आधी टक्केवारी बाजूला ठेवा आणि पेशींची प्रत्यक्ष संख्या काढा. 9,800 चे 8 टक्के म्हणजे 784 लिम्फोसाइट्स. मोठ्या माणसात हजाराच्या खाली आकडा गेला की आम्ही तो कमी धरतो. 14 टक्के म्हणजे 1,372 मोनोसाइट्स, आणि हजाराच्या वर ते नक्कीच वाढलेले. म्हणजे दोन्ही बदल खरे आहेत. कधी कधी न्यूट्रोफिल्स वाढल्यामुळे लिम्फोसाइट्सचे फक्त टक्के घसरतात आणि संख्या ठीक असते. इथे तसं नाही.

व्हायरल तापातही लिम्फोसाइट्स पहिल्या काही दिवसांत घसरतात, मग माणूस सावरताना मोनोसाइट्स वाढतात. पण हे दोन-तीन आठवड्यांत जागेवर येतं. दीड महिना चाललेल्या कसरीला व्हायरल म्हणून सोडून देता येत नाही.

आता त्या सुई-गोळ्या. सुई घेतली की त्याच दिवशी ताप उतरतो, सांधे मोकळे होतात, भूक लागते आणि दोन दिवसांनी सगळं परत येतं, हे स्टेरॉइडचं वागणं आहे. कागदाच्या पुडीतल्या बारक्या पांढऱ्या गोळ्या बहुतेकदा डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन निघतात. स्टेरॉइड पोटात गेलं की काही तासांत लिम्फोसाइट्स रक्तातून कमी होतात, न्यूट्रोफिल्स चढतात, इओसिनोफिल्स जवळपास नाहीसे होतात. तुमच्या रिपोर्टचा हा भाग त्याच्याशी जुळतो. मोनोसाइट्स मात्र एखाद्या डोसनंतर उलट कमी होतात. औषध बरेच आठवडे चाललं तर वाढलेले दिसू शकतात. त्यामुळे सगळा रिपोर्ट स्टेरॉइडच्या माथी मारून मोकळं होऊ नका. स्टेरॉइड टीबीचा ताप झाकतं आणि आतून टीबीला पसरायला वाट करून देतं, माझी खरी काळजी ही आहे. डॉक्टरांना न भांडता विचारा आणि गोळीची स्ट्रिप मागून घ्या.

टीबीत हेच चित्र दिसतं: लिम्फोसाइट्स कमी, मोनोसाइट्स जास्त, हिमोग्लोबिन उतरलेलं. तरी रक्ताच्या या रिपोर्टवरून टीबीचं निदान होत नाही. त्यासाठी छातीचा एक्स-रे आणि थुंकीची ट्रूनॅट किंवा सीबीनॅट तपासणी लागते. ती सरकारी दवाखान्यात फुकट होते. इथे बरेचदा चूक होते ती नमुना देताना. डबीत लाळ जाते आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो. बाबांना सकाळी काही खाण्याआधी साध्या पाण्याने चूळ भरायला सांगा. मग उघड्या हवेत उभं राहून दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून खोकून घट्ट बेडका काढायचा. नमुना पातळ, फेसाळ दिसला तर पुन्हा घ्या. सोबत एचआयव्ही आणि साखर तपासा. एचआयव्हीतही लिम्फोसाइट्स घटतात, आणि साखर स्टेरॉइडनेही चढते.

नेटवर दिसला तो कॅन्सर बहुधा क्रॉनिक मायलोमोनोसायटिक ल्युकेमिया असावा. तो बहुतेकदा उतारवयात होतो, म्हणून नाव पूर्ण पुसून टाकत नाही. पण त्यात मोनोसाइट्स टिकून वाढलेले असावे लागतात, साधारण तीन महिने, आणि पांढऱ्या पेशींत त्यांचा वाटा 10 टक्के किंवा जास्त असावा लागतो. शिवाय टीबीसारखं दुसरं कारण आधी वगळावं लागतं. एका रिपोर्टवर ते निदान कोणीही करू शकत नाही. टीबी निघाला तर उपचार सुरू करा आणि दोन-तीन महिन्यांनी सीबीसी पुन्हा करा. मोनोसाइट्स उतरले तर तो प्रश्न तिथेच मिटतो. टीबी नाहीच निघाला आणि मोनोसाइट्स तसेच राहिले, पाणथरी वाढली, प्लेटलेट्स घसरल्या किंवा स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर रक्त पसरून केलेल्या तपासणीत, कच्च्या पेशी दिसल्या, तर नागपूरला रक्तविकार तज्ज्ञांकडे जा. ते बोन मॅरो आणि जनुकांची तपासणी सांगतील. स्मिअरमध्ये कच्च्या पेशी असतील तर तीन महिने थांबू नका.

एक मात्र लक्षात ठेवा. त्या गोळ्या तीन आठवड्यांपेक्षा जास्त चालू असतील तर वाचून घाबरून आजच्या आज बंद करू नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं मंदावलेलं असतं; एकदम थांबवलं की उलट्या, चक्कर, बीपी पडणं असा त्रास होतो. फिजिशियनला स्ट्रिप दाखवा, ते डोस उतरवत नेतील. थुंकीचा नमुना मात्र उद्या सकाळीच द्या.