जुन्या सेंट्रिंग प्लेटांवर गुळगुळीत स्लॅब

प्रश्न: पुण्यात घराचं बांधकाम चालू आहे. पहिला स्लॅब खोलला तर छताला वाळूच्या रेघा आणि काळे डाग निघाले. सेंट्रिंगवाला म्हणतो, प्लेटा जुन्या आहेत, असंच येणार. दुसऱ्या स्लॅबला त्याच प्लेटा वापरून छत साफ येईल का?

येईल. धायरीत एका घराच्या दोन्ही स्लॅबवर मी देखरेख केली. 30 बाय 30 फुटांचा स्लॅब होता, 3 बाय 2 फुटांच्या 150 प्लेटा होत्या आणि पहिलं छत तुमच्यासारखंच निघालं. दुसऱ्याला बहुतेक प्लेटा त्याच ठेवल्या, फक्त मधले चार दिवस त्यांच्यावर घालवले.

वाळूची रेघ प्लेटेच्या तोंडामुळे, म्हणजे काँक्रीट टेकतं त्या बाजूमुळे येत नाही, कडेमुळे येते. प्लेटेच्या चारी बाजूंच्या अँगलवर मागच्या कामाचा माल वाळून बसलेला असतो. कामगार तोंड घासतात आणि कड तशीच सोडतात. मग दोन प्लेटा एकमेकींना भिडत नाहीत, त्या फटीतून सिमेंटचं पाणी खाली गळतं आणि वर नुसती वाळू उरते. आमच्याकडे एका ओळीत 15 प्लेटा बसत होत्या. प्रत्येक सांध्याला 2 मिलिमीटर माल धरला तरी ओळ जवळजवळ 3 सेंटिमीटरने वाढते. पहिल्या स्लॅबला शेवटची प्लेट बसली नाही, तिथे प्लायची पट्टी ठोकली होती आणि सगळ्यात वाईट गळती नेमकी तिथेच झाली.

म्हणून कडा आधी साफ करा, आणि सेंट्रिंग खोलल्याच्या दिवशीच. त्या दिवशी माल पत्र्याच्या तुकड्याने खरवडला तरी निघतो. आठवडा गेला की कामगार हातोडी उचलतो आणि प्लेटेला पोचा पडतो. तो पोचा पुढच्या छतावर फुगवटा होऊन दिसतो. तोंडावरून तारेचा ब्रश फिरवा आणि कोरड्या फडक्याने पुसा. पुसायचं राहिलं तर गंजाची पूड तेलात मिसळते आणि छतावर तांबूस डाग उमटतात. साफ झालेल्या दोन प्लेटा शेजारी उभ्या करून मधून उजेड दिसतो का ते पाहा. आमच्या 11 प्लेटा वाकलेल्या निघाल्या, त्या बदलून घेतल्या. बाकीचे सांधे वरून चिकटपट्टीने बंद केले.

तुमचे काळे डाग बहुधा जळक्या ऑइलचे असावेत. गाडीचं काढलेलं ऑइल स्वस्त पडतं म्हणून सर्रास लावतात. ते काँक्रीटमध्ये मुरतं आणि पुढे त्या जागी जिप्सम किंवा पुट्टी नीट धरत नाही, हे मला जास्त खटकतं. पाण्यात मिसळायचं शटरिंग ऑइल आणा, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच पाणी घाला आणि स्पंजने लावा. आम्हाला 150 प्लेटांना तीन-साडेतीन लिटर द्रावण पुरलं. बोट फिरवल्यावर तेलाचा पुसट ओलावा लागावा, थेंब ओघळता कामा नये. जास्त तेल साचलं तर तिथे हवेचे बुडबुडे अडकतात आणि छताला बारीक भोकं पडतात. तेल लोखंड अंथरण्याआधीच लावा. सळईला तेल लागलं की तिची काँक्रीटवरची पकड कमी होते, आणि ती चूक नंतर दिसतही नाही.

प्लेटांना खालून टेकू देणाऱ्या जॅककडेही बघा. आट्यांत सिमेंट बसलं की नट फिरत नाही, उंची बारीक जुळवता येत नाही आणि शेजारच्या दोन प्लेटांमध्ये पायरी राहते. छतावर ती कडेसारखी हाताला लागते. आटे तारेच्या ब्रशने साफ करून ग्रीस लावा. वाकलेला जॅक वापरू नका आणि मूळ पिनेच्या जागी सळईचा तुकडा खपवून घेऊ नका.

घाईने खोलू मात्र नका. काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस 456 प्रमाणे, साध्या सिमेंटला स्लॅबची प्लेट 3 दिवसांनी काढता येते, पण जॅक लगेच परत लावायचे असतात. गाळा, म्हणजे स्लॅबच्या दोन आधारांमधलं अंतर, साडेचार मीटरपर्यंत असेल तर जॅक 7 दिवस, त्याहून मोठ्याला 14 दिवस. राख मिसळलेलं पीपीसी सिमेंट असेल तर आणखी थांबा आणि किती ते इंजिनिअरला विचारा.

दोन स्लॅबच्या मध्ये पावसाळा येत असेल तर प्लेटा मातीवर टाकू नका. खाली बॅटन ठेवा, तोंडाला तेलाचा पुसट हात द्या आणि तोंडाला तोंड लावून कंबरेइतकीच थप्पी रचा. थप्पी एका बाजूला जरा कलती ठेवली की पाणी साचत नाही. ताडपत्री घट्ट गुंडाळू नका, आत वाफ धरते आणि झाकूनही गंज येतो.

आमच्या दुसऱ्या छताला सांध्यांच्या बारीक रेघा राहिल्या, त्या लोखंडी प्लेटांना राहतातच. गळती फक्त एका जागी, बीमच्या कोपऱ्यात, हातभर झाली. रेघसुद्धा नको असेल तर फिल्मवाला प्लाय लागेल, पण वर जिप्सम होणार असेल तर त्या खर्चाची गरज नाही.