उद्धृतातली चूक: सिक लिहायचं, सुधारायचं, की ते वाक्य वगळायचं?

"लेखात एका छापील अहवालातला उतारा द्यायचाय. त्यात शुद्धलेखनाच्या चुका आहेत आणि एक आकडाही जुळत नाही. प्रत्येक चुकीपुढे 'मुळातच असं आहे' हे सांगणारं सिक लिहू, की गुपचूप दुरुस्त करू?"

आधी मूळ छापील पान उघडून बघा. उतारा स्कॅनवरून आपोआप टाइप झालेला असेल, तर ध आणि घ, भ आणि म यांची अदलाबदल हमखास झालेली असते. ती चूक लेखकाची नसतेच, ती सरळ दुरुस्त करायची. दुसऱ्या कोणाच्या लेखातून उतारा उचलला असेल तरी हेच. मूळ पान न बघता सिक टाकलं आणि चूक मधल्या माणसाची निघाली, तर तोंडघशी आपण पडतो.

पानावरही चूक असेल तर पुढचा विचार. तुमच्या उताऱ्यासारखंच एक वाक्य रचून घेतो: "पुराच्या वेळी ३२ कुटूंबांना हलवले; त्यात पुरुष १८, स्त्रीया २१ व मुले १४, असे एकूण ५५ जण होते."

'कुटूंबांना' आणि 'स्त्रीया' या दोन चुका मी न सांगता सुधारतो. अर्थाला धक्का लागत नाही आणि योग्य रूप कोणतं याबद्दल दुमत नाही. इंग्रजी संपादनात प्रमाण मानलं जाणारं शिकागो मॅन्युअलसुद्धा आधुनिक छापील मजकुरातले उघड मुद्रणदोष असे सुधारायला मुभा देतं. अशी उद्धृतं बरीच असतील तर लेखाच्या सुरुवातीला एक ओळ टाकावी: 'उद्धृतांतील उघड मुद्रणदोष दुरुस्त केले आहेत.'

आकड्याचं तसं नाही. बेरीज ५३ होते, छापलंय ५५. पण चूक नेमकी कुठे आहे? एकूण चुकली असेल, किंवा मुलं १६ असतील, किंवा दोन माणसांची नोंदच राहिली असेल. ५५ चे ५३ केले तर अहवालाच्या तोंडी माझा अंदाज घातल्यासारखं होईल. नुसतं [सिक] लिहूनही भागत नाही, कारण वाचकाला बेरीज करत बसावं लागतं. म्हणून मी असं लिहीन: "असे एकूण ५५ [मूळ पाठात असेच, बेरीज ५३ होते] जण होते."

कंस चौकोनीच हवा. गोल कंसातला मजकूर मूळ लेखकाचाच वाटू शकतो. खूण चुकलेल्या शब्दाला किंवा आकड्याला लागूनच द्यायची, वाक्याच्या शेवटी नाही. सिक हा लॅटिन शब्द आहे, अर्थ 'असेच'. तो संक्षेप नाही, त्यामुळे पुढे टिंब नको. मराठी वाचकासाठी मला 'मूळ पाठात असेच' जास्त बरं वाटतं. सिक म्हणजे आजारी असं वाचणारेही भेटलेत.

आता माझी फजिती. मुद्रितशोधन करू लागलो तेव्हा एका जुन्या उताऱ्यात 'कांहीं', 'नाहीं', 'घरांत', 'तें' असे शब्द आले आणि एका परिच्छेदात मी पाच वेळा सिक ठोकलं. संपादकांनी ते पाचही खोडले आणि विचारलं, "हे छापलं कधी?" १९६२ च्या लेखननियमांनी असे अनुस्वार गेले, त्याआधी तेच शुद्ध होतं. जुन्या लेखनाला ना सिक, ना सुधारणा. ते जसंच्या तसं ठेवायचं. पत्रं आणि हस्तलिखितं यांनाही हेच लागू, कारण तिथे लिहिण्याची पद्धत हाच पुरावा असतो. बोलीतल्या मुलाखतीत 'व्हतं'पुढे सिक लिहिणं तर निव्वळ उद्धटपणा आहे.

आणि कधीकधी चूक उद्धृतच करू नये. तुमचा मुद्दा किती कुटुंबं हलवली एवढाच असेल, तर अवतरणचिन्हं काढा आणि आपल्या शब्दांत लिहा: अहवालानुसार पुराच्या वेळी ३२ कुटुंबांना हलवण्यात आलं. बेरजेचा घोळ आलाच नाही, आणि तुम्ही काही लपवलंही नाही, कारण तो आकडा तुम्ही वापरलेलाच नाही. उलट तुमचा युक्तिवादच किती माणसं हलवली यावर उभा असेल, तर ही पळवाट चालणार नाही. तिथे विसंगती दाखवावीच लागते.

औषधाची मात्रा चुकीची छापली असेल तर मी ती सिक लावूनही उद्धृत करत नाही. पुढचा माणूस वाक्य उचलताना कंस गाळतो आणि चुकीची मात्रा तेवढी पसरते. तिथे 'मात्रा चुकीची छापली आहे' असं आपल्या शब्दांत सांगतो आणि योग्य मात्रा विश्वासार्ह स्रोतावरून देतो.

तुमच्या उताऱ्यात एका ओळीला दोनतीन खुणा लागत असतील, तर ती ओळ अवतरणचिन्हांत ठेवूच नका. आणि ज्याच्याशी तुमचा वाद आहे त्याच्याच ऱ्हस्व-दीर्घापुढे सिक लिहायचा मोह होत असेल, तर हात आवरा. वाचकाला तो टोमणा लगेच कळतो.