शनीचे 82 चंद्र आणि यंत्राचा संशय

प्रश्न : मी भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. विज्ञान-लेखनाच्या इंटर्नशिपसाठी शनी आणि त्याचा चंद्र टायटन यांच्यावर नमुना लेख पाठवला होता. संपादकांचं उत्तर आलं की, ‘शनीचे 82 चंद्र ही माहिती कालबाह्य आहे, लेख एआयने लिहिलेला वाटतो.’ लेख मी स्वतः लिहिला आहे, तो आकडा एका पुस्तकातून घेतला होता. खुलासा कसा करू?

उत्तर : तुझ्या मेलमधले दोन आरोप आधी वेगळे कर. आकडा जुना आहे, हे खरंच आहे आणि ते तू मान्य करायला हवंस. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र कच्चा आहे.

संशय का येतो ते समजून घे. भाषेचं मॉडेल ज्या मजकुरावर शिकतं तो एका तारखेपर्यंतचाच असतो, आणि पुढे काय घडलं ते त्याला आपोआप कळत नाही. चॅटजीपीटीच्या सुरुवातीच्या काळात ही मर्यादा सप्टेंबर 2021 होती. त्या वेळी त्याने लिहून दिलेल्या मजकुरात शनीचे 82 चंद्र सहज आले असते, कारण ऑक्टोबर 2019 पासून तोच आकडा चालत होता. 2023 मध्ये तो 146 झाला आणि मार्च 2025 मध्ये 128 नव्या चंद्रांची भर पडून 274. तुझ्या संपादकांनी बहुधा एवढंच पाहिलं.

पण तोच 82 तुझ्या पुस्तकातही आहे. 2020-21 मध्ये छापलेलं पुस्तक त्याच्या काळापुरतं बरोबरच असतं. गुरूचं उदाहरण तर आणखी गमतीचं आहे. ‘सर्वाधिक चंद्र गुरूला’ हे वाक्य 2019 च्या ऑक्टोबरपर्यंत बरोबर होतं, मग चुकीचं ठरलं. फेब्रुवारी 2023 मध्ये गुरूचा आकडा 92 वर गेला तेव्हा ते काही महिने पुन्हा बरोबर झालं, आणि मे महिन्यात शनी परत पुढे गेला. हे वाक्य कुणाच्या लेखात दिसलं, तर ते जुन्या क्रमिक पुस्तकातून आलं, त्या काही महिन्यांतल्या बातमीतून की यंत्रातून, हे निव्वळ वाक्यावरून कसं सांगणार?

तुझा लेख मी वाचला. त्यात ड्रॅगनफ्लाय यान टायटनकडे जुलै 2028 मध्ये निघेल असं तू लिहिलं आहेस. आधी 2026 ठरलेली ही मोहीम लांबत गेली आणि नासाने 2028 ची तारीख एप्रिल 2024 मध्ये पक्की केली. म्हणजे एकाच लेखात एक माहिती 2023 च्या आधीची आणि दुसरी अलीकडची आहे. 2021 ला थांबलेल्या मॉडेलला ही तारीख माहीत असणं शक्य नव्हतं.

हा मुद्दा तू विजयाने मांडशील, म्हणून थांबवतो. अशी सरमिसळ माणसाच्या वाचनात नेहमीची आहे, पण नव्या मॉडेलकडूनही ती होते. 82 हा आकडा वर्षानुवर्षं असंख्य लेखांत छापला गेला, 274 त्या मानाने फार कमी ठिकाणी. त्यामुळे 2025 नंतर शिकलेलं मॉडेलही सवयीने जुनाच आकडा देऊ शकतं. उलट, इंटरनेटवर शोध घेणारं साधन ताजा आकडा देईल आणि त्याचा लेख संशयातून अलगद सुटेल. जुन्या माहितीची ही कसोटी दोन्ही बाजूंनी फसते. तिच्यावरून एवढंच कळतं की, लेखकाने आकडा तपासला नाही.

‘माझ्या शेवटच्या अद्ययावत माहितीनुसार’ असं वाक्य लेखात राहून गेलं असतं, तर गोष्ट वेगळी होती. ते यंत्राचं बोलणं आहे, आणि कॉपी करताना ते पुसायचं राहून जातं.

खुलासा छोटा ठेव. 82 कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या आवृत्तीत, कोणत्या पानावर आहे ते लिही आणि त्या पानाचा फोटो जोड. पुस्तकाचं प्रकाशनवर्ष आवर्जून दाखव. लेख गूगल डॉक्समध्ये लिहिला असशील तर त्याचा आवृत्ती-इतिहास दाखवण्याची तयारी कळव. कागदावरची टिपणं असतील तर तीही चालतील. सुधारलेलं वाक्य मेलमध्येच दे : ‘मार्च 2025 च्या नोंदीनुसार शनीचे ज्ञात चंद्र 274 आहेत.’ आकड्यासोबत महिना आणि वर्ष लिहिलं की, पुढे मोजणी बदलली तरी वाक्य खोटं पडत नाही. संपादक नेमकी हीच सवय शोधत असतात. एआयचा मजकूर ओळखणाऱ्या डिटेक्टरचा अहवाल जोडू नकोस. तो तुझ्या बाजूने असला तरी त्यावरून काही सिद्ध होत नाही.

एवढ्यावरही त्यांची शंका फिटली नाही, तर त्यांच्यासमोर बसून एखाद्या विषयावर तासाभरात दोनशे शब्द लिहून द्यायची तयारी दाखव. पाठवण्याआधी लेखातले बाकीचे आकडेही तपास. टायटनच्या वातावरणाच्या दाबाचा आकडा तू कुठून घेतलास, हे मला लेखात सापडलं नाही.