सहाचा सबग्रुप आणि एक शिफारसपत्र

प्रश्न: मी बेळगावजवळच्या कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एमएस्सी मॅथ्सच्या अर्जाला शिफारसपत्र लागतंय. अल्जिब्राचे सर म्हणतात, तूच लिहून आण, मी सही करतो. कसं लिहू? की प्राचार्यांचं पत्र घेतलेलं बरं?

उत्तर:

तुला "तू"च म्हणतो, वयाने माझ्या विद्यार्थ्यांएवढाच असशील. मी स्वतः याच भागात अल्जिब्रा शिकवतो, त्यामुळे "तूच लिहून आण" हे वाचून राग आला तो तुझा नाही, आमच्याच जातकुळीचा.

प्राचार्यांचं पत्र नको. त्यांनी तुला फळ्यासमोर कधी बघितलेलंच नाही, ते हजेरी आणि वर्तणूक याशिवाय लिहिणार काय? आमदारांच्या लेटरहेडवरचं तर अजिबात नको. हसू नकोस, आमच्याकडे एकाने आणलं होतं.

आता माझी गोष्ट. खानापूर तालुक्यातली एक मुलगी माझ्या वर्गात होती. दहावीपर्यंत मराठी शाळा, पीयूसीपासून एकदम इंग्रजी. वर्गात तोंड उघडायची नाही. इंटरनलला मी विचारलं होतं, 12 ऑर्डरच्या ग्रुपला 6 ऑर्डरचा सबग्रुप असतोच का? तिने लिहिलं, 6 ने 12 ला भाग जातो, म्हणून असतो. लाग्रांजचं प्रमेय उलटं करून मोकळी. निम्मा वर्ग हीच चूक करतो. मी शून्य दिलं आणि पेपर परत केला.

तीन दिवसांनी ती स्टाफरूमच्या दारात. हातात पाठपोट भरलेली वही. A4 या बारा घटकांच्या ग्रुपमध्ये सहाचा सबग्रुप हाताने बांधायला बसली होती. एक थ्री-सायकल घ्यायची, (1 2)(3 4) सारखा एक घटक घ्यायचा आणि गुणत सुटायचं. म्हणाली, "सर, हे सहावर थांबतच नाही. दरवेळी बारा होतात." थांबत का नाही, हे मात्र तिला सांगता येईना. मी एवढंच म्हटलं, बारातला सहाचा सबग्रुप म्हणजे इंडेक्स 2. मग कुठल्याही घटकाचा वर्ग कुठे पडेल?

दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन आली. इंडेक्स 2 असला की प्रत्येक घटकाचा वर्ग सबग्रुपमध्येच पडतो. थ्री-सायकल c घेतली तर c³ = e, म्हणजे c⁴ = c, म्हणजे c हा स्वतःच c² चा वर्ग. तेव्हा सगळ्या थ्री-सायकल आत आल्या पाहिजेत. A4 मध्ये त्या आठ आहेत आणि जागा सहाच. संपलं. पुस्तकात आहेच हे, पण तिने पुस्तक उघडलं नव्हतं. निघता निघता म्हणाली, "सर, ग्रुप अबेलियन असला तर मात्र असतोच ना?" सायक्लिकसाठी तिने तिथेच करून दाखवलं. पुढे अडली, मी कॉशीचं प्रमेय सुचवलं. आठवड्याने भागाकार-ग्रुप घेऊन इंडक्शनने आणलं की हो तिने!

पुढच्या वर्षी तिला अर्जासाठी पत्र हवं होतं. मी हेच सगळं लिहिलं. शून्यासकट.

आमचे तेव्हाचे विभागप्रमुख ते वाचून खवळले. "अहो, शून्य कशाला लिहिता? मुलीचं नुकसान करताय." त्यांचं स्वतःचं पत्र कॉम्प्युटरवर कायम तयार असायचं: कष्टाळू, प्रामाणिक, चांगल्या चारित्र्याची, उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा. नाव तेवढं बदलायचं. एका मुलीच्या इंग्रजी पत्रात शेवटपर्यंत "ही" राहिलं होतं, "शी" करायचं विसरले. असं पत्र वाचणाऱ्याला एकच गोष्ट कळते, की लिहिणारा विद्यार्थ्याला ओळखत नाही. मी म्हटलं, सर, मार्क मार्कलिस्टमध्ये आहेत, चारित्र्याचा दाखला वेगळा मिळतो. पत्रात लिहायचं ते मार्कलिस्टमध्ये न दिसणारं. ते म्हणाले, तुम्ही अजून लहान आहात.

म्हणून पत्रात मी काय ठेवलं ते सांगतो. पहिल्या परिच्छेदात मी तिला कोणते पेपर शिकवले आणि किती सेमिस्टर. मग वरची हकिकत, त्यात कुठला इशारा मी दिला आणि कुठून पुढे ती एकटी गेली, हे वेगळं करून. हे वेगळं केलं नाही तर पत्राला वजन राहत नाही, कारण हुशार विद्यार्थी आणि सांगितलेलं नीट टिपून घेणारा विद्यार्थी यांतला फरक तिथेच दिसतो. मग तुलना: नऊ वर्षांत शिकवलेल्यांपैकी पहिल्या तिघांत. "अतिशय हुशार" या शब्दांना काही अर्थ नाही, कितींमध्ये कितवी याला आहे. शेवटी उणीव: गॅल्वा सिद्धांत आमच्या अभ्यासक्रमात नव्हता, तिने तो केलेला नाही, आणि तोंडी इंग्रजी अडखळतं पण लिहिलेल्या सिद्धतेत भोक सापडत नाही. पानभर झालं.

इंटरव्ह्यूला तिला A4 च दिला. पत्रात लिहिलं की विचारतातच, म्हणून जे फळ्यावर उभं राहून करता येणार नाही ते पत्रात येऊ देऊ नये. तिने सहाचा सबग्रुप मोडून दाखवला, मग विचारलं, 4 चा आहे का? तोही सांगितला. प्रवेश मिळाला. विभागप्रमुखांना मी पेढे नेऊन दिले, मुद्दाम. "नशीब" म्हणाले आणि दोन खाल्ले.

तर तू पत्र लिहू नकोस. तुझ्या स्वतःच्या निवेदनातली वाक्यरचना आणि पत्रातली वाक्यरचना एकच निघाली तर वाचणाऱ्याला लगेच कळतं, आणि मग दोन्ही कागद वाया. सरांना एक पान टिपण दे: त्यांचे कोणते पेपर केलेस, कुठला प्रश्न चुकला आणि मग कसा सुटला, तुझी ती इंटरनलची उत्तरपत्रिका, अर्जाची तारीख. तेवढ्यावर त्यांना अर्ध्या तासात पत्र लिहिता येतं. तरीही "तूच लिही" म्हणाले तर दुसरे सर बघ, मग ते अल्जिब्राचे नसले तरी चालतील.

दोन गोष्टी राहिल्या. आधी पत्र लागतंच का ते बघून घे. जॅममधून आयआयटीच्या एमएस्सीला जाणार असशील तर लागत नाही. एमटीटीएसच्या उन्हाळी शिबिराला किंवा युरोपातल्या ॲल्गंटसारख्या अभ्यासक्रमाला लागतं. बाहेरच्या अर्जांत बहुधा सरांच्या ईमेलवर लिंक जाते आणि त्यांनीच पत्र चढवायचं असतं, तेव्हा कॉलेजचा ईमेल असेल तर तोच दे. लेटरहेड नुसतं कन्नडमध्ये असेल तर सहीखाली नाव, हुद्दा आणि कॉलेजचा पत्ता इंग्रजीत टाइप करून घे.

आणि हो, ज्या सरांचा तू एकच सेमिस्टर, तोही मागच्या बाकावर बसून केलास, त्यांनी माझ्यासारखं पत्र लिहावं ही अपेक्षा धरू नकोस. त्यांच्याकडे लिहायला काही नसेल तर दोष त्यांचा एकट्याचा नाही. अजून दोन महिने हातात असतील तर एखादा चुकलेला प्रश्न घेऊन स्टाफरूममध्ये जा, पण सेमिस्टरच्या परीक्षा लागायच्या आत. सुपरव्हिजन सुरू झालं की आमच्यातला कुणीच धड बोलत नाही.